एनसीबी वाढला तरी हप्ता का वाढला?

"दादा, माझी 1200 सीसीची पेट्रोल गाडी आहे, तीन वर्षं पूर्ण होतायत, एकदाही क्लेम नाही. गेल्या वर्षी इन्शुरन्सचे 9,676 भरले. यंदा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, 25 चा 35 टक्के झाला म्हणून कमी येईल असं वाटलं तर रिन्युअल आलंय 16,303 चं! एजंट म्हणतो ॲड-ऑन, म्हणजे वरची जादा कव्हरं, सगळे घ्यावेच लागतात. काय ठेवू, काय काढू? आणि मागच्या बंपरला ओरखडा आहे, 3,500 चं काम सांगितलंय, मुदत संपायला 12 दिवस आहेत तर त्याआधी क्लेम करून टाकू का? राहतो कोल्हापुरात, शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ, नोकरी शिरोलीला. गाडीचं लोन फिटलंय. मोपेडही माझ्याच नावावर आहे. दोन्ही वर्षांचे कागद जोडलेत."

आधी ओरखड्याचं सांगतो, कारण त्याला 12 दिवसांचीच मुदत आहे. क्लेम करू नका. 3,500 च्या कामातले पहिले 1,000 तुम्हालाच भरायचे असतात, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला तो सक्तीचा कट आहे आणि झिरो डेप, म्हणजे पार्टवरचा घसारा न कापण्याचं कव्हर, असलं तरी तो सुटत नाही. म्हणजे कंपनीकडून हातात येणार 2,500. आणि त्याच्या बदल्यात यंदाचा 35 टक्के एनसीबी सरळ शून्यावर. तुमच्या कागदावर यंदाचा ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, 7,000 आहे, त्याचे 35 टक्के 2,450, त्यावरचा 18 टक्के जीएसटी धरून 2,891 रुपये आत्ताच जातात. पुढच्या वर्षी 45 टक्के मिळायचा तिथं 20 मिळेल, ओन डॅमेज 6,500 धरला तरी आणखी 1,900 च्या वर गेले. 2,500 मिळवायला दोन वर्षांत 4,800 घालवायचे, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा फरक मी अजून धरलेलाच नाही. गॅरेजवाल्याला रोख देऊन मोकळे व्हा, नाहीतर ओरखडा तसाच राहू द्या.

आणि एक, काहीजण क्लेम करतात आणि मग दुसऱ्या कंपनीत जाऊन 'क्लेम नाही' असं लिहून एनसीबी घेतात, कधीकधी एजंटच परस्पर तसा टिक करून टाकतो. हे अजिबात करू नका आणि कोणाला करूही देऊ नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खातरी करून घेते, आणि ते बाहेर पडतं ते नेमकं मोठ्या क्लेमच्या वेळी. 2,000 वाचवायच्या नादात 80 हजारांचा क्लेम अडकलेला मी पाहिलाय.

आता हप्ता का वाढला ते. दोन्ही वर्षांचे कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवा आणि एकेक ओळीवर बोट ठेवून बघा, एजंटला फोन करायच्या आधी. गेल्या वर्षीच्या कागदावर ओन डॅमेज 8,000, त्यातून 25 टक्के एनसीबी गेला, राहिले 6,000, त्यात झिरो डेप 2,200, झाले 8,200, वर जीएसटी 1,476, बेरीज 9,676. आता त्याच कागदावर थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याची, ओळ शोधा. नाहीये! तिथंच सगळी गोम आहे.

तुम्ही शोरूममधून गाडी आणलीत तेव्हा तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच भरला होता. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी सुरुवातीलाच घ्यावा लागतो, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर ते सुरू झालं. ती रक्कम गाडीच्या ऑन-रोड किमतीत मिसळलेली असते त्यामुळं कोणाच्या लक्षातच राहत नाही. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी आपण फक्त ओन डॅमेजचं रिन्युअल करतो, रक्कम छोटी दिसते आणि आपल्याला वाटतं गाडीचा इन्शुरन्स म्हणजे एवढाच. यंदा ती तीन वर्षं संपली. म्हणून यंदाच्या कागदावर पहिल्यांदा 3,416 ची ओळ आलीय, 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारला सरकारनं ठरवलेला हा दर आहे. तो सगळ्या कंपन्यांना सारखाच, कोल्हापुरात घ्या नाहीतर मुंबईत, ऑनलाइन घ्या नाहीतर एजंटकडून, त्यात कोणी एक रुपयाही कमी करू शकत नाही. आणि एनसीबी या ओळीला लागतच नाही. तो फक्त ओन डॅमेजला लागतो, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग आहे तेवढ्यालाच. 35 टक्के म्हटल्यावर माणूस अख्ख्या 16 हजारांवर 35 टक्के धरतो, पण ते धरायचे असतात 7,000 वर.

म्हणून यंदाचा कागद असा वाचा. ओन डॅमेज 7,000, हा गेल्या वर्षीपेक्षा कमी झाला कारण गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, 5,60,000 वरून 4,80,000 वर आलीय. त्यातून एनसीबीचे 2,450 गेले, राहिले 4,550. म्हणजे इथं तुमचे 1,450 वाचलेत, एनसीबीनं आपलं काम केलंय. मग थर्ड पार्टी 3,416 आणि मालक-चालकाचा अपघात विमा 350, हे दोन्ही नवीन. आणि त्याखाली ॲड-ऑनची रांग, गेल्या वर्षी 2,200 होती ती यंदा 5,500 झालीय: झिरो डेप 2,400, इंजिन प्रोटेक्ट 800, रिटर्न टू इनव्हॉइस 900, एनसीबी प्रोटेक्ट 550, कन्झ्युमेबल्स 450, चावीचं कव्हर 250, रोडसाइड 150. सगळ्यांची बेरीज 13,816, जीएसटी 2,487, झाले 16,303. थर्ड पार्टी आणि अपघात विम्यानं 3,766 वाढवले, ॲड-ऑननं 3,300. पहिल्यातलं बहुतेक टाळता येत नाही. दुसऱ्यातलं तुमच्या हातात आहे. 'घ्यावेच लागतात' हे एजंटचं म्हणणं चूक आहे, कायद्यानं सक्तीचा फक्त थर्ड पार्टी, आणि मालकाचा अपघात विमा. ॲड-ऑन सगळे ऐच्छिक.

त्या अपघात विम्याचं आधी उरकून टाकू. तो 15 लाखांचा असतो आणि माणसाचा असतो, गाडीचा नाही. तुमच्या नावावर मोपेड आहे म्हणता, तिच्या पॉलिसीत हा 15 लाखांचा अपघात विमा चालू असेल तर कारवर दुसऱ्यांदा घ्यायची सक्ती नाही. मोपेडची पॉलिसी काढून तारीख बघा, चालू असेल तर तसं लिहून द्या, 350 ची ओळ निघते. मोपेडची मुदत मधेच संपत असेल तर मात्र राहू द्या, 350 साठी घरच्यांना उघड्यावर ठेवू नका.

आता झिरो डेप, हे काढू नका, आणि का ते तुमच्याच गाडीवर दाखवतो. समजा तावडे हॉटेलजवळ पुढच्या गाडीनं अचानक ब्रेक मारला आणि तुमचं नाक ठोकलं. बंपर 5,000, हेडलाइट 6,000, बॉनेट 8,000, डेंटिंगची मजुरी 3,000, पेंटिंग 8,000, बिल झालं 30,000. झिरो डेप नसेल तर सर्व्हेअर बसून प्रत्येक पार्टवर घसारा कापतो. प्लॅस्टिकवर 50 टक्के, गाडी नवी असो की जुनी, म्हणजे बंपर आणि हेडलाइट मिळून 5,500 गेले. लोखंडी पत्र्यावर वयाप्रमाणं, तीन ते चार वर्षांच्या गाडीला 25 टक्के, बॉनेटचे 2,000 गेले. पेंटिंगच्या बिलातला चौथा भाग मटेरियलचा धरतात आणि त्यावर 50 टक्के, म्हणजे 1,000. मजुरीवर काही कापत नाहीत. एकूण कट 8,500, वर तो सक्तीचा 1,000, तुमच्या खिशातून 9,500. झिरो डेप असेल तर फक्त 1,000. वाचले 8,500, आणि त्याची किंमत जीएसटी धरून वर्षाला 2,832. म्हणजे तीन वर्षांत एक असा ठोका बसला तरी पैसे फिटले. शिवाय पुढच्या वर्षी पत्र्यावरचा कट 25 चा 35 टक्के होतो, म्हणजे गाडी जुनी होईल तशी झिरो डेपची गरज वाढत जाते, आणि नेमकं पाच वर्षांच्या पुढं बऱ्याच कंपन्या ते द्यायला का-कू करतात. मिळतंय तोवर घ्या. फक्त पॉलिसीच्या कागदात वर्षाला किती क्लेम झिरो डेपमध्ये धरणार ते बघून घ्या, बहुतेक ठिकाणी दोनच असतात.

इंजिन प्रोटेक्ट. तुम्ही दुसऱ्या गावात, उंचावर कुठंतरी राहत असता तर मी म्हटलं असतं सोडा. पण कुंभार गल्ली! 2019 ला आणि 2021 ला तिथं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, आणि त्याच दोन्ही वेळी शिरोलीजवळ हायवेवरही पाणी येऊन रस्ता बंद झाला होता, म्हणजे तुमचं घरही पाण्यात आणि नोकरीची वाटही पाण्यात. पंचगंगेचा पूर निदान सांगून येतो, राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका, तोवर गाडी हलवायला वेळ मिळतो. जास्त दगा देतो तो जोराचा पाऊस आणि जयंती नाला, तासाभरात रस्त्यावर गुडघाभर पाणी.

पुराचं नुकसान साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत असतंच, हे खरं आहे. सीटा, कार्पेट, वायरिंग, सेन्सर, साफसफाई हे मिळतं. अडतं ते इंजिनच्या आतल्या कामावर. माझ्या भावाची गाडी 2021 ला पार्किंगमध्ये उभी होती, पाणी चाकांच्या वर गेलं, दुसऱ्या दिवशी उतरलं. वरून गाडी वाळलेली, स्वच्छ दिसत होती, यानं सकाळी फक्त बघावं म्हणून चावी फिरवली. एकदाच. खट्ट असा आवाज आला आणि इंजिन जाम. मेकॅनिकनं एअर फिल्टर काढला तर तो पिळता येईल एवढा ओला, म्हणजे पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पोचलं होतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन वर आला आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकला. सर्व्हेअरनं आतल्या सगळ्या साफसफाईला, वायरिंगला मान्यता दिली आणि इंजिनसमोर लिहिलं की हे पुरानं नाही, चालू केल्यामुळं झालंय. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट नव्हतं. इंजिनचे 70 हजार त्यानं स्वतः भरले. 800 अधिक जीएसटी म्हणजे 944 रुपये तुमच्यासाठी जास्त नाहीत, ही ओळ राहू द्या.

पण हे कव्हर असलं तरी पाणी लागलेली गाडी चालू करून बघू नका, वारंवार स्टार्टर मारलेला दिसला तर इथंही वाद घालतात. पाण्यात बंद पडली तर तिथंच सोडा, पाणी कुठवर आलं ते दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा आणि ओढून न्या. म्हणूनच ते 150 चं रोडसाइडही ठेवा, टोइंगची व्हॅन एका खेपेला त्याच्या कितीतरी पट घेते.

रिटर्न टू इनव्हॉइस मी काढीन. ते कामाला येतं फक्त दोनदाच, गाडी चोरीला गेली तर किंवा टोटल लॉस झाली तर, म्हणजे दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला तर. तेव्हा 4,80,000 ऐवजी खरेदीची किंमत मिळते, ऐकायला फार भारी वाटतं. पण बऱ्याच कंपन्यांत ते गाडीच्या पहिल्या तीन वर्षांपुरतंच असतं, तुमची तीन वर्षं आता पूर्ण होतायत, तेव्हा पैसे घेऊन पुढं वयामुळं नाकारलं असं व्हायला नको. लोन चालू असतं आणि बाकी रक्कम आयडीव्हीच्या वर असती तर मी कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या आणि ठेवा म्हटलं असतं. तुमचं लोन फिटलंय, पुराच्या आधी गाडी हलवता येते, मग 900 वाचवा.

एनसीबी प्रोटेक्टवर मी बराच वेळ विचार केला, कारण लोक हे सगळ्यात आधी उडवतात. या कव्हरमुळं क्लेम केला तरी एनसीबीचा टप्पा तसाच राहतो. पुढच्या वर्षी तुमचा 45 टक्के होणार, त्याच्या पुढं 50, तिथं तो थांबतो. हे कव्हर नसेल आणि उद्या वरच्यासारखा 30 हजारांचा क्लेम झाला तर हे सगळं शून्यावर येतं आणि पुन्हा 20, 25, 35 असं चढत जावं लागतं, मी पुढच्या चार वर्षांचा हिशोब केला तर जीएसटीसकट 8,000 च्या आसपास फरक पडतो. त्यापुढं 550 ही किंमत कमी आहे. ठेवा. पण आधी विचारून घ्या की किती क्लेमपर्यंत चालतं, आणि क्लेमनंतर कंपनी बदलली तर काय. नव्या कंपनीच्या फॉर्मवर गेल्या वर्षी क्लेम केला का हा प्रश्न असतोच, आणि जुन्या कंपनीनं राखलेला एनसीबी तिनं मान्य करावा असा नियम नाही, तेव्हा क्लेम झाला तर हा फायदा साधारण त्याच कंपनीत राहिलात तर मिळतो असं धरून चाला. आणि हे आहे म्हणून 3,500 चे क्लेम करायला सुरुवात करू नका, क्लेमची संख्या उधळली की नेमक्या मोठ्या वेळी हे कव्हर संपलेलं असतं.

कन्झ्युमेबल्स म्हणजे ऑइल, कूलंट, नट-बोल्ट, क्लिपा, ग्रीस. मधल्या क्लेममध्ये हे हजाराच्या आसपास बसतं, 450 देऊन कशाला, काढा. चावीचं कव्हर पण काढा, दुसरी चावी घरात जपून ठेवा म्हणजे झालं.

मग राहतं काय बघा. 13,816 मधून इनव्हॉइसचे 900, कन्झ्युमेबल्स 450, चावी 250 आणि मोपेडवर असेल तर अपघात विम्याचे 350, एकूण 1,950 गेले. उरले 11,866, जीएसटी 2,136, झाले 14,002. 2,301 रुपये कमी. गेल्या वर्षीच्या 9,676 वर हे येणार नाही, कारण थर्ड पार्टी आता कायमचा दरवर्षी लागणार, ते मनातून काढून टाका.

अजून कमी करायचं असेल तर जागा एकच, तो 7,000 चा ओन डॅमेज. तिथं कंपन्या आपापल्या मर्जीनं सूट देतात आणि दोन कंपन्यांत हजार-दीड हजाराचा फरक सहज पडतो. एनसीबी तुमचा स्वतःचा आहे, कंपनीचा नाही, बदललात तरी 35 टक्के तुमच्याबरोबर येतो, जुनी पॉलिसी दाखवायची बास. दोन ठिकाणांहून कोटेशन मागवा, पण मागवताना स्पष्ट सांगा की आयडीव्ही 4,80,000 च धरा आणि झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, एनसीबी प्रोटेक्ट, रोडसाइड हे चारच. नाहीतर कोणीतरी आयडीव्ही गुपचूप 4,10,000 करतो, हप्ता कमी दिसतो, आपण खूश, आणि टोटल लॉसच्या दिवशी 70 हजार कमी हातात येतात. कोटेशनवरची आयडीव्हीची ओळ पहिली वाचायची, एकूण रक्कम शेवटी.

हे सगळं 12 दिवसांत होण्यासारखं आहे. उशीर मात्र करू नका, मुदत संपली की त्याच रात्रीपासून थर्ड पार्टी नाही, तसं रस्त्यावर सापडलात तर पहिल्यांदाच 2,000 दंड, आणि रिन्युअलला गाडीचं इन्स्पेक्शन मागतात, तो बंपरचा ओरखडा मग त्यात नोंदला जातो. 90 दिवसांच्या पुढं गेलं तर 35 टक्के एनसीबीच संपतो. पैसे भरल्यावर पॉलिसीची पीडीएफ आली की तीन गोष्टी लगेच बघा: एनसीबी 35 च लिहिलाय का, चारही ॲड-ऑनची नावं पहिल्या पानावर आहेत का, आणि चॅसिस नंबर आरसीशी जुळतो का. चूक असेल तर त्याच दिवशी ईमेल करा, दुरुस्तीचं एन्डॉर्समेंट करून देतात, पण अपघात झाल्यावर मागितलंत तर कोणी देणार नाही.